शब्दात मिनी नाही, मायनस आहे

"मिनी म्हणजे लहान. मग मिनिस्क्यूल लिहिलं तर चुकलं कुठं?"

चुकलं ते चौथ्या अक्षरात. तिथं यू हवा, आय नको; शब्द मिनस्क्यूल, म्हणजे अगदी नगण्य. सांगलीतल्या प्रबंधांच्या प्रुफांत 'द्राक्षांत औषधाचा अंश अगदीच मिनिस्क्यूल आढळला' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं की तिथं लाल खूण होते. मग लिहिणारा हाच प्रश्न विचारतो आणि 'कोशात तसं आहे' एवढ्या उत्तरानं त्याचं समाधान होत नाही. व्हायलाही नको.

मूळ लॅटिन शब्द मिनुस्कुलुस. मिनुस म्हणजे कमी, गणितातला आपला मायनस तोच. त्याला कुलुस हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला आणि 'जरा लहानसा' असा अर्थ झाला. म्हणजे शब्दाची फोड मायनसनंतर होते, मिनीनंतर नाही. इंग्रजीत तो आधी लिपीचा शब्द होता. स्मॉल अक्षरं ती मिनस्क्यूल आणि कॅपिटल ती मॅजस्क्यूल. 'अगदी नगण्य' हा अर्थ बराच नंतर आला. ही जोडी डोळ्यांसमोर असेल तर चूक होत नाही, कारण मॅजस्क्यूलमध्ये आय घालायला कुणाचा हात धजत नाही. पण देवनागरीत स्मॉल-कॅपिटल हा भेदच नाही, आणि शाळेतही आपण 'स्मॉल लेटर' एवढंच शिकलो. त्यामुळं जोडीतला दुसरा शब्द आपल्याला कधी भेटलाच नाही. यात लिहिणाऱ्याचा आळस मला दिसत नाही.

कानही मदत करत नाही. पूर्वी या शब्दात जोर दुसऱ्या अवयवावर, 'नस्'वर होता, म्हणून तिथला स्वर स्पष्ट ऐकू यायचा. पुढं जोर पहिल्या अवयवावर सरकला आणि मधला स्वर इतका पुसट झाला की तो यू आहे की आय, हे ऐकून ठरवताच येत नाही. अशी रिकामी जागा ओळखीच्या शब्दानं भरली जाते. आपल्याकडं 'प्रथितयश'चं 'प्रतिथयश' झालं ते असंच. प्रति हा उपसर्ग ओळखीचा, प्रथित अनोळखी.

सगळा दोष मिनीचाच, असं मी बरीच वर्षं ठामपणे सांगत आलो. तारखांपुढं ते टिकत नाही. चुकीचं रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून छापलेलं सापडतं. मिनी नावाची मोटार 1959ची, मिनीस्कर्ट त्यानंतरचा. म्हणजे मिनीची लाट येण्याआधीच चूक रुजली होती. तेव्हा मिनिएचर आणि मिनिमम हे शब्द मात्र रुळलेले होते, आणि खरा गुंता मिनिएचरमध्येच आहे.

मिनिएचरचा लहानपणाशी मुळात संबंध नव्हता. लॅटिनमध्ये मिनियम म्हणजे शिशाचा तांबडा रंग, आपला शेंदूर. गावच्या मारुतीला लावतात ना, त्याच जातीचा. युरोपातल्या हस्तलिखितांत मथळे आणि आद्याक्षरं या रंगानं रंगवत. त्या रंगवण्याला मिनियारे म्हणत, आणि त्यावरून पोथीतल्या चित्राला इटालियनमध्ये मिनियातुरा नाव पडलं. पोथीच्या पानावरचं चित्र लहानच असणार. त्यात मिनुस, मिनिमुस हे 'कमी', 'सर्वांत कमी' अर्थाचे शब्द कानाला जवळचे. हळूहळू लोकांना वाटू लागलं की मिनिएचर म्हणजेच लहान. शेंदूर विसरला गेला, लहानपणा उरला. त्याच मिनिएचरचं तोंड कापून मिनी हा उपसर्ग झाला. मिनिममनं त्याला टेकू दिला, पण जन्म शेंदरातला.

म्हणजे मिनीला 'लहान' हा अर्थ ज्या गैरसमजातून मिळाला, तसाच गैरसमज आता मिनस्क्यूलमध्ये आय घालतो आहे. इथं माझा युक्तिवाद अडतो, हे मान्य करतो. पहिली चूक भाषेनं पचवली, तर दुसरी का नाही? काही कोश मिनिस्क्यूल हे पर्यायी रूप म्हणून नोंदवतात. पण ते अनेकांना चूक वाटतं, अशी टीपही त्याच नोंदीत असते. प्रबंध तपासणारा त्या अनेकांपैकी एक असू शकतो, म्हणून मी यू लावायला सांगतो.

संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीवर विसंबू नका. तिच्या यादीत पर्यायी रूप असेल तर ती लाल रेघ ओढणारच नाही. शोधाच्या चौकटीत हे टाका:

```
miniscul
```

शेवटचा ई मुद्दाम सोडला आहे. त्यामुळं ज्यांत तो ई नसतो, अशी रूपंही सापडतात. सगळे बदल एका फटक्यात मात्र करू नका. दुसऱ्याचं अवतरण किंवा लेखाचं शीर्षक आय घालून छापलेलं असेल, तर ते जसं आहे तसंच ठेवावं लागतं. तेवढी ठिकाणं डोळ्यांनी बघा.