मुद्दा क्रमांक 4

पालक-शिक्षक सभेचं इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं आहे. त्या सभेत मुद्दा क्रमांक 4 होता मैदानावरच्या प्रथमोपचाराचा. आदल्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाला खेळाच्या तासाला फिट आली होती. त्याच्या आईच उठून बोलल्या. कोणी त्याचे हातपाय दाबून धरले, कोणी तोंडात चमचा घालायला गेलं, हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. सभागृहात चाळीसेक माणसं होती, सगळी गप्प. मी भराभर लिहीत होते.

घरी येऊन मी मसुदा टाइप केला आणि मुलाचं नाव कटाक्षाने गाळलं. ‘सातवीतील एका विद्यार्थ्यास मैदानावर फिट आली, त्याच्या आईने सांगितले की त्याची औषधे वर्षभर चालू आहेत.’ काळजी घेतली, असं मला मनापासून वाटलं आणि मसुदा सगळ्या पालकांना पाठवून दिला.

सकाळी त्या आईंचा फोन आला. “मॅडम, नाव नाहीये, खरंय. पण सातवीत फिट आलेला मुलगा कितीजण आहेत?”

एकच होता. शिवाय मसुद्यासोबत मी उपस्थितीचा तक्ता जोडला होता, त्यात प्रत्येक पालकाच्या नावापुढे पाल्याचं नाव आणि इयत्ता. सातवीच्या पालकांपैकी आई म्हणून आलेल्या तिघीच. म्हणजे कोडं मीच घातलं होतं आणि उत्तरही मीच जोडलं होतं. त्या पुढे म्हणाल्या, “मी बोलले ते समोर बसलेल्यांशी. औषधांचं मी कागदावर द्यायला सांगितलं नव्हतं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोललेलं विरतं, पीडीएफ मात्र फिरत राहते.

घाईत दुसरी चूक झाली. त्या दोन ओळींवर मी काळी पट्टी ओढली आणि सुधारित प्रत म्हणून पाठवली. अर्ध्या तासात एका वडिलांचा मेसेज आला. ते सभेला आले नव्हते. त्यांनी पट्टीवरचा भाग निवडून कॉपी केला होता आणि खालची ओळ जशीच्या तशी मला परत पाठवली होती. पट्टी हे नुसतं वर ठेवलेलं चित्र, अक्षरं खाली तशीच असतात, हे मला तेव्हा कळलं. पण त्यांचा राग वेगळाच होता : “शाळा काय लपवतेय? मैदानावर काही झालं असेल तर आम्हाला कळायला नको?”

तेही चूक नव्हते. त्यांची मुलगी त्याच मैदानावर खेळते.

दुपारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसून आम्ही मुद्दा 4 नव्याने लिहिला. त्यांनी एकच विचारलं, “न आलेल्या पालकाला यातून काय कळायला हवं?” मुलाचा आजार नव्हे, शाळेत काय चुकलं आणि आता कोण काय करणार, ते. मग ओळी अशा झाल्या :

‘मैदानावर अचानक आजारी पडणाऱ्या विद्यार्थ्याला योग्य प्रथमोपचार मिळत नाहीत, अशी तक्रार आली. शाळेने उणीव मान्य केली. ठरले : फिट आल्यास मुलाला कुशीवर वळवणे, दाबून न धरणे, तोंडात काहीही न घालणे, वेळ मोजणे आणि 5 मिनिटांत फिट न थांबल्यास रुग्णवाहिका बोलावणे, ही सूचना मैदानावर लावावी. दोन क्रीडाशिक्षकांना प्रशिक्षण. जबाबदारी पर्यवेक्षकांची, मुदत पुढील सभा. चर्चेतील वैयक्तिक माहिती नोंदलेली नाही; ती वर्गशिक्षकांकडे दिली आहे.’

शेवटच्या वाक्यावर मी अडून बसले. गाळलं आहे हे लिहिलं नाही, तर गाळलेलं कळल्यावर संशय दुप्पट होतो. ‘सातवी’ गेलं, ‘आई’ गेलं. उपस्थितीत फक्त संख्या राहिली. सह्यांचा तक्ता कार्यालयाच्या फाइलला. नवीन फाइल मी कोऱ्या पानावर टाइप केली आणि आधीच्या दोन्ही प्रती काढून टाका, असं सगळ्यांना कळवलं. कितीजणांनी काढल्या, देव जाणे.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायची वेळ आली, तेव्हा ते वडील उठले. मला धस्स झालं. ते म्हणाले, “प्रशिक्षणाचा खर्च पालक निधीतून करायला किती जणांचा विरोध होता, ते यात नाही.” खरंच नव्हतं. मुलांची नावं गाळायच्या नादात मी मतांचे आकडेही उडवले होते, आणि त्यात कोणाचीच खासगी गोष्ट नव्हती. कच्च्या वहीतून काढून 31 बाजूने, 6 विरोधात, अशी दुरुस्ती तिथल्या तिथे घातली. विरोधकांची नावं कोणी मागितली नाहीत.

त्या आई मागच्या रांगेत होत्या. सही करून जाताना त्यांनी विचारलं, “तुमची कच्ची वही कुठे असते?”

माझ्या पिशवीत होती. आमच्याकडे इतिवृत्त कायम झालं की कच्ची पानं नष्ट करायची पद्धत आहे; मी ती कधीच पाळली नव्हती. त्यांच्यासमोरच पानं फाडून कार्यालयातल्या कागद कातरायच्या यंत्रात घातली.