तुम्ही विचारलंत म्हणून : लोन की ओडी?

"दुकानात माल भरायला बँकेचं लोन घेऊ की ओडी? आणि ओडीतून घरखर्चाला थोडे काढले तर काय बिघडतं?"

ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट : बँक एक लिमिट ठरवून देते, त्यातून लागतील तेव्हा पैसे उचलायचे आणि आले की भरायचे. आमचं वह्या-स्टेशनरीचं दुकान. एप्रिल-मेमध्ये माल भरायचा, जून-जुलैमध्ये विकायचा, नंतर वर्षभर पेनं-झेरॉक्स. म्हणजे मोठे पैसे लागतात ते तीनच महिने. ४ लाखांचं लोन १२ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १८,८०० आणि पहिल्या वर्षाचं व्याज जवळपास ३८,०००. हप्ता सप्टेंबरच्या मंदीतही तेवढाच. तेच ४ लाखांच्या ओडीत तीन महिने लिमिट पूर्ण वापरलं, बाकीचे नऊ महिने लाखभर उचललेले राहिले, तर व्याज होतं २१,०००. कारण रोज जेवढी बाकी तेवढ्यावरच व्याज. म्हणून मी क्यूआर कोड पण ओडी खात्यालाच जोडलाय आणि गल्ला रात्री घरी न नेता भरून टाकतो. वर रिन्यूअलचा चार्ज आणि स्टॉक स्टेटमेंटची कटकट आहे, ती धरून चाला. फर्निचर, झेरॉक्स मशीन असलं काही घ्यायचं असेल तर मात्र लोनच, कारण ती वस्तू काय जूनमध्ये विकून पैसे मोकळे होणार नाहीत.

आता दुसरा प्रश्न, यात मी स्वतः पोळलोय. बहिणीच्या लग्नाला ओडीतून दीड लाख काढले, म्हटलं महिन्याला १,५०० व्याज, त्यात काय एवढं. पण ओडीला हप्ता नसतो ना, त्यामुळे मुद्दल कमी करा म्हणून कोणी मागे लागत नाही, आणि ते दीड लाख तिथेच बसून राहिले. एप्रिल आला तेव्हा लिमिट नावाला ४ लाख, हातात अडीच. घाऊकवाल्याकडून निम्मा माल उधारीवर उचलला, रोखीची सूट गेली ती गेलीच. वर सीए म्हणाला की लग्नासाठी उचललेल्या पैशांवरचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येणार नाही, आणि दुकानाच्या व्याजातून ते वेगळं काढताना आम्ही दोघं दोन संध्याकाळी स्टेटमेंट घेऊन बसलो.

तुमचंही असं झालंय का बघायचं असेल तर वर्षभराचं स्टेटमेंट काढा आणि सगळ्यात कमी बाकी कधी आणि किती होती ते शोधा. सीझन संपून दोन-तीन महिने झाले तरी ती एका आकड्याच्या खाली उतरतच नसेल, तर तेवढे पैसे फिरत नाहीयेत, अडकलेत. न खपलेला माल असेल, गिऱ्हाइकांची उधारी असेल, नाहीतर लग्न. माझ्या बाबतीत बहिणीचं लग्नच होतं, ते मी पर्सनल लोन काढून ओडीतून बाहेर काढलं. व्याज थोडं जास्त पडलं, पण हप्ता ठरला.

प्रोप्रायटरशिपमध्ये कायद्याने तुम्ही आणि दुकान एकच, बँक वसुलीला घरापर्यंत येऊ शकते, त्यामुळे वेगळेपणा आपल्यालाच पाळावा लागतो. मी आता दर १ तारखेला दुकानातून घरच्या खात्यात २५,००० टाकतो, पगारासारखे. गेल्या महिन्यात २२ तारखेलाच संपले, तेव्हा बायकोने ओडीचं चेकबुक कुठेय विचारलं. ते सीएकडे ठेवलंय.