धिंगरीचा प्रकल्प अहवाल अडला तो खरेदीदाराच्या पत्रावर

शेड, रॅक, फॉगर, काड उकळायचे ड्रम यांची कोटेशनं दोन दिवसांत जमली. दिंडोरीकडच्या आमच्या काडाच्या 300 बेडच्या धिंगरी अळिंबीच्या शेडचा खर्च 1 लाख 40 हजारांवर बसला आणि त्यावर बँकेत कुणी ब्रही काढला नाही. सव्वादोन महिने खाल्ले ते खरेदीदाराच्या एका पत्रानं.

पहिल्या पत्रात हॉटेलवाल्यानं लिहिलं होतं, "गरजेप्रमाणे माल घेऊ." फाइल परत. मग दुसरं आणलं, "रोज 10 किलो." साहेबांनी विचारलं, "रोज निघणार कसा?" चीड आली, पण प्रश्न रास्त होता. धिंगरी दुधासारखी रोज निघत नाही, लाटेनं येते. बेड भरल्यावर तीनेक आठवड्यांनी पहिली तोडणी, मग आठ-दहा दिवसांच्या अंतरानं आणखी दोन. निम्मा माल पहिल्याच तोडणीत. 300 बेड एकदम भरले तर चार-पाच दिवसांत ऐंशी किलो माल अंगावर येतो, आणि तो फ्रिजमध्येही तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही.

म्हणून मांडणी बदलली. बेड 60 दिवस शेडमध्ये राहतो असं धरून दर चार दिवसांनी 20 बेड भरायचे. एका बेडात 1 किलो कोरडं काड, त्याला 600 ग्रॅम अळिंबी. दहात एक बेड हिरव्या बुरशीनं जाणार, हे आधीच वजा केलं. सरासरी 2.7 किलो रोज पडते. पत्र फक्त 2 किलोचं घेतलं, उरलेला माल सुकवायचा. सुकल्यावर दहावा हिस्सा वजन राहतं.

पत्रात एवढं हवंच: रोजचे किलो, 200 ग्रॅमचं पॅकिंग, पोहोचवायची वेळ, माल परत कधी करणार आणि पैसे किती दिवसांत. 'कडा वर वळलेला किंवा ओला माल परत' ही अट आम्हीच घातली, म्हणजे नंतर वाद नको. तोडणीआधी पाणी मारू नका, ओला माल लगेच चिकट होतो.

हिरवी बुरशी बहुतेक काडातूनच येते. 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळून पूर्ण गार करा. मूठ दाबल्यावर तळवा ओलसर व्हावा, थेंब पडू नये. आणि हो, स्पॉन म्हणजे अळिंबीचं बियाणं आधी नोंदवून ठेवा. भरायच्या दिवशी धावाधाव केली की जुनं, पिवळं पडलेलं माथी मारतात.

एजन्सीनं करून दिलेल्या अहवालात वर्षाला सहा बॅचेस आणि काडाच्या 80 टक्के उत्पादन, म्हणजे 1440 किलो होतं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी. तेव्हा फॉगर लावूनही कळ्या करपतात. म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरणं थांबवून जूनच्या मध्यावर पुन्हा सुरू करायचं ठरवलं. चार बॅचेस, 648 किलो. निम्म्याहून कमी आकडा घेऊन गेलो, तर त्याच दिवशी फाइल पुढे सरकली.