ऑगस्टमधली ओल, डिसेंबरातली पूड: जुने गोव्यातला जांभा दोनदा पाहिला तेव्हा

पावसाळ्यात जांभ्याची भिंत कशी झिजते ते पाहायचं म्हणून पहिल्यांदा जुने गोव्याला गेलो तो ऑगस्टमध्ये. करमळी स्टेशनला उतरलो. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा तिकीट काढण्याआधी थांबा बघून घ्या. नाहीतर थिवी किंवा मडगावला उतरून यावं लागतं. पणजीहून कदंबच्या बसा सारख्या असतात, अंतर सुमारे दहा किलोमीटर.

जुने गोवेच का? कारण जांभ्याचे तीन प्रकारचे संसार तिथे चालत जाण्याच्या अंतरात सापडतात. सी कॅथेड्रल चुन्याने माखलेलं, पांढरंशुभ्र. रस्त्यापलीकडे बॉम जेझूची बॅसिलिका, 1594 मध्ये काम सुरू होऊन 1605 साली पूर्ण झालेली. तिच्या भिंतींवरचा गिलावा 1950च्या दशकात काढून टाकला आणि चिरे उघडे पडले. आणि पश्चिमेच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा मनोरा, ज्याला छपरच राहिलेलं नाही. गिलावा असलेली भिंत, गिलावा उतरवलेली भिंत आणि वरूनसुद्धा पाणी पिणारी भिंत: दगड एकाच जातीचा, पाऊसही एकच.

त्या मनोऱ्याची हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1835 मध्ये वास्तू सोडून द्यावी लागली आणि 1842 मध्ये चर्चची कमान कोसळली. फक्त सात पावसाळे. पुढे 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. मूळची उंची 46 मीटर होती. आज उरलाय तो उभा चिरलेला अर्धा भाग. देखभालीचे हात थांबले आणि पाण्याला वरून वाट मिळाली, तेव्हा काय होतं ते तिथे उभं राहिलं की कळतं.

ऑगस्टमध्ये मी बॅसिलिकेच्या बाजूच्या भिंतीवरचा कंबरेइतक्या उंचीचा एक चिरा निवडला आणि त्याचे फोटो काढले. काळपट, ओलागच्च, वर मखमलीसारखं शेवाळ. बोट फिरवलं तर गुळगुळीत. काही झडतच नव्हतं. मनात आलं, पाऊस तर धो धो पडतोय आणि दगडाला काही होतच नाही!

डिसेंबरमध्ये तोच चिरा पाहिला आणि चूक कळली. शेवाळ वाळून काळी साय झाली होती. चिऱ्याच्या खालच्या काठाला पांढरा, कापसासारखा लोणा, म्हणजे क्षाराचा थर, आला होता. त्याच्यावर हलकेच बोट टेकवलं तर बोटाला पिवळसर पूड लागली, हळदीसारखी. जवळून पाहिलं तेव्हा चिऱ्यातल्या गडद तांबड्या, कठीण भिंती मधाच्या पोळ्यासारख्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामधली पिवळी माती निघून गेली होती.

जांभ्याची घडणच तशी आहे. लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगं घट्ट होऊन सांगाडा बनलेला, आणि त्याच्या पोकळ्यांत केओलिनसारखी मऊ माती. खाणीतून काढल्यावर उन्हावाऱ्यात दगड कडक होतो. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात पाहिला तो हाच गुण, आणि 1807 साली विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्यांनी ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं. पण कडक होतो तो सांगाडा. पोकळीतली माती मऊच राहते. भिजलेला चिरा कोरड्या चिऱ्यापेक्षा कमी भार पेलतो, आणि पागोळ्यांचा मार सतत एकाच जागी बसला की ती माती आधी वाहून जाते.

हे झालं पाण्याचं थेट काम. त्याहून आतलं काम मीठ करतं. मांडवीच्या भरतीचं पाणी जवळ, समुद्राचा वारा, वटवाघळांची विष्ठा, नंतर केलेल्या दुरुस्तीतलं सिमेंट: भिंतीत क्षार कुठून कुठून येतात. आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. जुलैमध्ये मीठ पाणावतं आणि दिवाळीनंतर त्याचा खडा होतो. साधं मीठ हवेतल्या सुमारे 75 टक्के आर्द्रतेला ही सीमा ओलांडतं. पावसाळ्यात हवा जवळजवळ सतत त्याच्या वर असते, म्हणून भिंतीतलं मीठ विरघळलेलंच राहतं आणि पाण्याबरोबर आतबाहेर फिरतं. ऑक्टोबरनंतर पहाटे आर्द्रता 75 च्या वर आणि दुपारी खाली. म्हणजे रोज एकदा स्फटिक होणार, रोज एकदा विरघळणार. छिद्रात स्फटिक वाढताना भिंतीला आतून ढकलतो आणि सांगाड्याचे कण सुटतात. पाऊस सामान आणून ठेवतो, आणि पाडापाडी होते भिंत सुकताना.

म्हणून या विषयावर अभ्यास करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: पावसाळ्यापुरती मोजणी करू नका. मेच्या शेवटी कोरडी भिंत मोजा, जुलै-ऑगस्टला भिजलेली, आणि ऑक्टोबर ते जानेवारी दर पंधरा दिवसांनी. पैसे आणि माणसं मर्यादित असतील तर ते शेवटचे चार महिने कापू नका. मी पाहिलेल्या एका आराखड्यात सगळं क्षेत्रकाम जून ते सप्टेंबर ठेवलेलं होतं. त्यात ओल मोजली गेली असती, झीज नाही.

आता मोजायचं काय. जुने गोव्यातल्या वास्तू संरक्षित आहेत, जागतिक वारशाच्या यादीत 1986 पासून. तिथे पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय भोक पाडायचं नाही, पूड खरवडायची नाही, भिंतीला पुट्टीने नळी चिकटवायची नाही. डोळ्यांनी बघा, फोटो काढा. हात काळा करायचा असेल तर जुनं घर शोधा. मी कुडाळजवळच्या एका मित्राच्या घरी, त्यांच्या काकांना विचारून, पडवीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर काम केलं. “भोकं पाडतोस ती चुन्यानेच बुजव, सिमेंटने नाही,” एवढीच काकांची अट होती, आणि ती अगदी बरोबर होती.

तिथे मी जोत्यापासून 20 सेंटिमीटर, 1 मीटर आणि 2 मीटर उंचीवर ड्रिलने चुरा काढला. प्रत्येक भोकात तीन थर वेगळे ठेवले: पहिले दोन सेंटिमीटर, मग पाचपर्यंत, मग दहापर्यंत. ड्रिल सावकाश आणि थांबत थांबत चालवावं लागतं, कारण बिट तापलं की चुऱ्यातली ओल तिथेच उडते. चुरा लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत. मग तोलायचा, भट्टीत 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. समजा ओला चुरा 11.5 ग्रॅम होता आणि वाळल्यावर 10 राहिला, तर ओल 15 टक्के. जिप्सम असल्याची शंका असेल तर तापमान बरंच कमी ठेवा, नाहीतर जिप्समच्या रचनेतलं पाणीही ओल म्हणून मोजलं जाईल.

हे आकडे उंची आणि खोलीनुसार मांडले की पाणी कुठून येतंय ते बोलू लागतं. खाली जास्त आणि वर जाताना कमी, तेही आतपर्यंत, तर जमिनीतून चढणारी ओल. सगळ्या उंचीला बाहेरचा थर ओला आणि आत कोरडं, तर वाऱ्याने मारलेला पाऊस. वरच ओलं, तर आधी कौलं आणि पन्हळ तपासा. काकांच्या भिंतीत तिसरा प्रकार निघाला: वाश्याच्या टोकाशी एक कौल सरकलं होतं.

तोच वाळलेला चुरा फेकू नका. ठरलेल्या मापाच्या शुद्ध पाण्यात घोळवून, निवळवून, पाण्याची विद्युतवाहकता मोजली की क्षारांचा अंदाज मिळतो. प्रयोगशाळेत क्लोराइड, सल्फेट आणि नायट्रेट वेगळे करून घ्या. ओल आणि क्षार एकाच चुऱ्यातून कळले तरच मीठ कोणत्या खोलीवर साठतंय ते कळतं. बाहेरून लोणा झाडून स्वच्छ दिसणारी भिंत दोन सेंटिमीटर आत भरलेली असू शकते, आणि तीच पापुद्रा टाकते.

भिंतीला दोन सुया टोचून आकडा दाखवणारं यंत्र सोबत नेलं होतं. पावसाळ्यात ते सगळीकडे वरच्या टोकाला जाऊन बसलं. डिसेंबरमध्ये लोण्याच्या जागी ओल नसताना ओल दाखवू लागलं, कारण ते मोजतं वाहकता, आणि मिठाने वाहकता वाढते. कुठे भोक पाडायचं ते ठरवायला ते ठीक आहे, टक्केवारी लिहायला नाही. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचंही तसंच. ओली जागा बाष्पीभवनामुळे थंड दिसते. भर पावसात बाष्पीभवनच थांबलेलं असतं, तेव्हा चित्र सपाट येतं. तो नोव्हेंबरमध्ये वापरा, ऊन भिंतीवर यायच्या आधी.

भिंतीपाशी तापमान आणि आर्द्रता दर अर्ध्या तासाने नोंदवणारं छोटं यंत्र वर्षभर ठेवा, सावलीत आणि पागोळ्यांपासून दूर. दिवसाला किती वेळा 75 ची रेषा ओलांडली गेली ते त्यातूनच मोजता येतं. पाऊस नुसता आडव्या मापकात मोजू नका. भिंतीला समांतर उभं पन्हाळं लावून प्रत्येक दिशेला आपटणारं पाणी वेगळं मोजा. नैऋत्येचा वारा असतो, तेव्हा पश्चिम आणि दक्षिण भिंतींचा हिशेब पूर्वेपेक्षा फार वेगळा येतो. बॅसिलिकेचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे आणि कॅथेड्रलचा पूर्वेला. ‘गिलावा आहे’ आणि ‘गिलावा नाही’ अशी तुलना करताना दोन्हीकडची एकाच दिशेची भिंत घेतली नाही, तर वाऱ्याचं श्रेय गिलाव्याला जाईल.

राहिली झीज. आम्ही भिंतीच्या पायाशी एक मीटर लांबीचा पत्र्याचा उथळ ट्रे ठेवला. दर पंधरवड्याला पडलेली पूड ब्रशने गोळा करून, वाळवून, तोलायची. जुलैमध्ये ट्रे निरुपयोगी ठरतो, कारण पूड वाहून जाते. त्यासाठी ठरावीक खुणांवरून, पट्टी ठेवून, त्याच अंतरावरून फोटो काढून पृष्ठभागाचा त्रिमितीय नकाशा करावा लागतो. आणि एका चिऱ्यावर भिस्त ठेवू नका. एकाच खाणीतले दोन चिरे शेजारी शेजारी, एक लोखंडासारखा आणि एक बोटाने कुरतडता येणारा, अशी जोडी मला जवळपास प्रत्येक गडग्यात दिसली. प्रत्येक भिंतीवर निदान दहाबारा चिरे आणि दोन पावसाळे, याच्या खाली काही ठामपणे म्हणता येणार नाही.

जाताना रस्त्याकडेचे गडगेही बघा. जिथे सांध्यांत सिमेंट भरलंय तिथे सिमेंटची जाळी पुढे उभी आणि चिरे आत गेलेले दिसतात. घट्ट सिमेंटमधून पाणी बाहेर पडत नाही, म्हणून ते सुकतं चिऱ्यातून, आणि मीठही तिथेच साठतं. चुन्याच्या सांध्यात झडतो तो चुना, आणि तो पुन्हा भरता येतो.

तारखांचं एक लक्षात ठेवा. सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त 3 डिसेंबरला, आणि नोव्हेना 24 नोव्हेंबरपासून. त्या दिवसांत बॅसिलिकेभोवती मंडप आणि इतकी गर्दी असते की भिंतीपाशी निवांत उभं राहता येत नाही. नोव्हेंबरच्या मध्याला एकदा आणि फेस्तानंतर आठवड्याभराने पुन्हा जा. ऑगस्टमध्ये टेकडीवर जाताना रबरी तळाचे बूट घाला, कारण शेवाळलेल्या जांभ्यावर चप्पल टिकत नाही. आणि ऑगस्टचे फोटो छापून सोबत न्या. मोबाइलच्या पडद्यावर उन्हात तो नेमका चिरा ओळखू येत नाही. मला डिसेंबरमध्ये तो शोधायला पाऊण तास लागला.