आमची वाटचाल: हळदीच्या बिलापासून बोलणाऱ्या स्पीकरपर्यंत

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देत आम्ही धंद्यात उतरलो. पुढे हळदीचे दर शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवू लागलो. मग एका अडत्यानं विचारलं, "हेच दर स्मार्ट स्पीकर बोलून दाखवेल का?" तेव्हापासून स्पीकरची उत्तरं लिहिणं हे आमचं वेगळं कामच झालंय.

गिऱ्हाइकाकडून येणारा मजकूर बहुतेक वेळा तक्त्यातून उचललेला असतो: बाजार समिती, तारीख, जात, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. कागदावर नजर थेट शेवटच्या रकान्यावर जाते. कानाला ती सोय नाही. हवा तो दर येईपर्यंत माणूस आधीचे आकडे सांभाळून थकलेला असतो.

आमचं उत्तर असं असतं (आकडा उदाहरणापुरता, क्विंटलचा): "सांगलीत आज राजापुरी हळदीला साधारण सव्वापंधरा हजार भाव निघाला." गाव आणि जात आधी, म्हणजे आपला प्रश्न बरोबर पोचला हे ऐकणाऱ्याला कळतं आणि तो आकड्यासाठी तयार होतो. आकडा क्रियापदाच्या जवळ, कारण आपल्या बोलण्यात जोर तिथंच पडतो. तो अक्षरांत लिहायचा. अंकांत दिला तर यंत्र "पंधरा हजार दोनशे पन्नास" वाचतं, आणि यार्डात तसं कोण बोलतं? किमान-कमाल विचारल्यावरच सांगायचे.

सौदे झाले नसतील तर मात्र तेच सगळ्यात आधी: "आज सौदे बंद होते. सोमवारचा भाव सांगतो." ही सूचना शेवटी ठेवली, तर आकडा ऐकताच शेतकरी तो आजचा समजून टेम्पोवाल्याला फोन लावायचा.

प्रश्नाची जागा कायम शेवटी. "कोणती जात हवी? राजापुरी की सेलम?" असं लिहिलं की लोक पहिल्या प्रश्नालाच उत्तर देतात. स्पीकर अजून बोलतच असतो, उत्तर ऐकायला लागलेला नसतो, आणि ते "राजापुरी" वाया जातं. "राजापुरी आणि सेलमचे दर आलेत. कोणता सांगू?" असं केलं की गोंधळ मिटतो.

तपासणी साधी आहे. एकजण पाठ फिरवून बसतो, दुसरा उत्तर एकदाच वाचतो, आणि पहिल्यानं ऐकलेलं सांगायचं. आकडा गडबडला की वाक्य परत लिहायला. चालू सेवेत नोंदी बघतो: उत्तरानंतर लगेच तोच प्रश्न पुन्हा आला, तर बहुधा क्रम चुकलाय.

चार-पाच बाजारांची तुलना आम्ही स्पीकरवर घेत नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी सर्वात चढा दर तेवढा बोलून दाखवतो. बाकीचा तक्ता अजूनही एसएमएसनेच जातो.