एकाच दिवशी घेतलेले दोन फोन

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मी आणि बायकोने एकाच मॉडेलचे दोन फोन घेतले, दोन्हींची बॅटरी 5,000 एमएएचची. गेल्या वर्षी मे महिन्यात माझा फोन दुपारी चारलाच मान टाकायला लागला. तिचा मात्र रात्री झोपेपर्यंत चालायचा. वापर जवळपास सारखाच. मोबाईलवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "भाऊ, पीसच खराब निघाला असंल. एकदा पूर्ण उतरवून फुल चार्ज करून बघा." ते करून पाहिलं, आणि काडीचा फरक पडला नाही. नंतर कळलं की त्याने फक्त टक्क्यांचा आकडा जाग्यावर येतो, गेलेली क्षमता येत नाही.

मग म्हटलं, आधी मोजू तरी. बॅटरीत किती एमएएच गेले ते दाखवणारं एक ॲप टाकलं. फोन 18 टक्क्यांवर असताना चार्जिंगला लावला, स्क्रीन बंद ठेवली आणि 78 टक्क्यांवर काढला. म्हणजे 60 टक्के भरले. ॲपने आकडा दाखवला 2,220. 60 टक्क्यांना 2,220, तर 100 ला 3,700. तिच्या फोनवर तेवढ्याच टक्क्यांना 2,610 गेले, म्हणजे 4,350. एका खेपेवर भरवसा ठेवू नये, कारण फोनमधले टक्के हा शेवटी अंदाजच असतो. मी चार वेळा मोजलं आणि सरासरी काढली, तरी आकडे तेवढेच आले. म्हणजे 5,000 मधले माझे 1,300 कमी झाले होते, तिचे 650.

वापर सारखा, मग फरक कुठला? त्याच ॲपमध्ये बॅटरीचं तापमानही दिसतं. मी झोपतो पत्र्याच्या खोलीत. रात्री फोन चार्जिंगला लावून उशीशेजारी ठेवायचो. एकदा दीड वाजता जाग आली तेव्हा पाहिलं: 100 टक्के, आणि बॅटरी 43 अंश. तिचा फोन माळवदाच्या खोलीत, देवळीत असतो. ती स्वयंपाक करता करता अर्धा तास लावते, लाईट गेली की काढते, आणि फोन बहुतेक 30 ते 75 च्या मध्येच फिरत राहतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही फोन पत्र्याखाली भाजायलाव, अन् बॅटरीला नावं ठेवायलाव."

बरोबरच बोलली. बॅटरीत लिथियम दोन टोकांमध्ये ये-जा करतं. ग्रॅफाइटच्या टोकावर पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ थर बसतो. तो थर लागतोच, नाहीतर आतलं द्रव ग्रॅफाइटवर सारखं विघटित होत राहील. पण तो हळूहळू जाड होत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम परत येत नाही. उष्णतेने ही क्रिया वेग घेते. आणि बॅटरी 100 टक्क्यांवर असली की तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सगळ्यात जास्त असतो. त्याने दुसऱ्या टोकालाही द्रव खराब होत जातं. चार्जर 100 वर थांबतो हे खरं, म्हणून ‘ओव्हरचार्ज’ होत नाही. पण फोन रात्रभर त्याच दाबात गरम होत पडून राहतो, आणि नुकसान तिथं आहे. नुसती ठेवून दिलेली बॅटरी 40 अंशांत वर्षभर पूर्ण भरलेली राहिली तर साधारण 65 टक्के क्षमता उरते, 40 टक्के भरून ठेवली तर 85.

दोन गोष्टी बदलल्या. फोन माळवदाच्या देवळीत गेला, आणि सेटिंगमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा घातली. त्याच्या जोडीला चार्जिंगच्या वेळी कव्हर काढायचं, आणि बाईकच्या हँडलवर उन्हात मॅप लावून चार्जिंग करायचं नाही. फास्ट चार्जर मी टाकून दिला नाही. थंड जागेत तो चालतो, त्रास उष्णतेचा आहे. अर्धं अर्धं दोनदा भरलं तर चार्जिंगची दोन चक्रं होत नाहीत, एकच धरतात. म्हणून अधूनमधून थोडं थोडं भरायला काहीच हरकत नाही. तेवढी एक भीती मनातून गेली.

अडचण लोडशेडिंगची. मोंढ्यावर कापूस न्यायच्या आदल्या रात्री 80 मध्ये भागत नाही. त्या दिवशी मर्यादा काढतो आणि 100 करतो, फक्त पहाटे निघायच्या तासभर आधी, म्हणजे भरलेला फोन पडून राहत नाही. लाईट त्याच वेळी असेल याची खात्री नसली की रात्रीच भरावा लागतो. चालतं. वर्षातून पंधरा-वीस रात्रींनी बॅटरी मरत नाही, रोजच्या सवयीने मरते.

एक वर्षाने पुन्हा मोजलं: 60 टक्क्यांना 2,130, म्हणजे 3,550. आधी दीड वर्षात 1,300 गेले होते, या वर्षात 150. सगळं श्रेय सवयीला देता येणार नाही. तो थर सुरुवातीला भराभर वाढतो आणि पुढे वेग मंदावतो, त्याचाही वाटा यात आहे. बायकोचे याच वर्षात 120 गेले. आता दोन्ही फोन एकाच देवळीत असतात, आणि सकाळी कुणाचा कुठला यावरून रोज गोंधळ होतो.