रंगूनचा तांदूळ आणि भोकाचा पैसा

१९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गिरगावातल्या आम्हा मुलांच्या बोलण्यात क्रिकेटपेक्षा दुकानातल्या रांगांचाच विषय अधिक होता. लढाई दूर चालली होती, तरी मुंबईच्या ताटात ती वर्षभरापूर्वीच उतरली होती. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून बोटींनी येणारा स्वस्त तांदूळ थांबला. या तांदळावर पोसलेल्या कोकणी कुटुंबांना कार्डावर तांदूळ थोडाच मिळे आणि उरलेला शिधा ज्वारी-बाजरीचा किंवा गव्हाचा घ्यावा लागे. शनिवारची शाळा सुटली की पिशवी आणि कार्ड घेऊन रांगेत उभे राहायचे, हे काम घरोघरी मुलांकडे असे. आणलेल्या धान्यातले खडे निवडताना आईची दुपार जाई. तरीही ते मोजके धान्य ठरलेल्या भावात मिळत होते, याचे मोल मोठे होते. कलकत्त्यात असे रेशनिंग १९४४ च्या जानेवारीत आले. तोवर बंगालच्या खेड्यांतली लक्षावधी माणसे भुकेने मेली होती. आमच्या कार्डाचीही मर्यादा होती: ते शहराचे होते, खेड्यातल्या भूमिहीन मजुराला त्याचा आधार नव्हता.

महागाईचे कारण मला गणिताच्या सरांमुळे कळले. ब्रिटिश सरकार लढाईसाठी इथले कापड, धान्य आणि सामान विकत घेई, पण त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा काढी. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. १९४५ पर्यंत त्या सहापटींहून अधिक झाल्या. माल मात्र लष्कराकडे निघून गेला होता. सरांनी फळ्यावर एका बाजूला पोती आणि दुसऱ्या बाजूला नोटा काढल्या, पोती तेवढीच ठेवून नोटा वाढवत नेल्या आणि एका पोत्याला आता किती नोटा पडतील, असे आम्हालाच विचारले. पगार ठरलेला असणाऱ्या कारकुनांच्या घरी या हिशोबाची झळ सर्वांत जास्त पोहोचली, कारण महागाई भत्ता भावांच्या मागून धावत असे.

धातूचीही टंचाई होती. चांदीचे रुपये लोकांनी दडवल्यामुळे १९४० मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा आली, आणि १९४३ मध्ये जाड तांब्याच्या पैशाच्या जागी मधोमध मोठे भोक असलेला पातळ पैसा निघाला. आम्ही मुले तो सुतळीत ओवून ठेवत असू.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये लढाई संपली, तेव्हा आता कार्ड जाईल असे आम्हाला वाटले. प्रत्यक्षात १९४६ च्या आरंभी माणशी रोजचा शिधा १६ औंसांवरून १२ औंसांवर आला, आणि शाळा सोडताना माझ्या खिशात घरातले रेशनकार्ड होतेच.